तिशीतील उत्थानदोष : मनाचा वाटा व शरीराचा वाटा

भिलाईतील एका गृहस्थांचे उदाहरण घेऊन या विषयास आरंभ करू. हे गृहस्थ कल्पित आहेत. परंतु त्यांची कथा वैद्यांच्या चांगल्याच परिचयाची आहे. वय ३४, मूळचे घराणे गोंदियाकडील, नोकरी पोलाद कारखान्यात. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. अशी भट्टी एकदा पेटली म्हणजे रात्रंदिवस चालवावी लागते, आणि म्हणून तिच्याभोवतीची माणसेही तीन पाळ्यांत काम करतात. आपल्या गृहस्थांची पाळी दर काही दिवसांनी बदलते.

विवाहास आठ वर्षे झाली होती व दांपत्यजीवन सुरळीत होते. एकदा सलग चार रात्रपाळ्या संपवून ते एका नातेवाइकाच्या लग्नास गेले, तेथे त्यांनी मद्य घेतले, आणि त्या रात्री पत्नीशी समागम करू जाता शिश्नास ताठरता आली नाही. जागरण व मद्य यांचा हा साधा परिणाम होता. दुसऱ्या दिवशी तो विसरला गेला असता तर प्रश्नच उरला नसता. परंतु गृहस्थांच्या मनात शंका शिरली. पुढच्या खेपेस त्यांचे सारे लक्ष ‘आज जमेल की नाही’ याकडे लागले, आणि ते जमले नाही. तिसऱ्या वेळीही तसेच झाले. मग ते निजण्यास उशीर करू लागले. पत्नीस वाटले की, आपल्याविषयीची यांची ओढच संपली. दोघेही बोलेनात. तीन महिने असे गेले.

अशा वेळी लोक म्हणतात, ‘सारे मनाचे खेळ आहेत’. रोग्याला हे वाक्य अपमानास्पद वाटते, कारण त्याचा अर्थ ‘तुम्हांला काही झालेलेच नाही’ असा होतो. तो अर्थ चुकीचा आहे. कारण मानसिक असले तरी त्याचा परिणाम शरीरातूनच, ठरलेल्या मार्गाने घडतो. तो मार्ग प्रथम समजून घेतला पाहिजे.

उत्थान कसे घडते

शिश्नात लांबीच्या दिशेने दोन नळकांड्यांसारखे भाग असतात. त्यांची आतली रचना स्पंजासारखी असून तिच्या पोकळ्यांच्या भिंतींत सूक्ष्म स्नायूंचे धागे असतात. एरवी हे धागे आवळलेले असतात व पोकळ्यांत रक्त थोडेच येते. म्हणजे शिथिल अवस्थेत हे स्नायू काम करीत असतात, आणि ते सैल पडले म्हणजे उत्थान होते. सामान्य समजुतीच्या हे अगदी उलट आहे.

कामोद्दीपन झाले की पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाजवळून निघणाऱ्या मज्जातंतूंतून संदेश येतो. त्या तंतूंच्या टोकांशी व रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू अत्यल्प प्रमाणात तयार होतो. त्यामुळे स्नायू सैल पडतात, रोहिणी रुंदावतात व पोकळ्या रक्ताने भरतात. फुगलेला स्पंज बाहेरच्या चिवट आवरणावर दाबला जातो; त्या दोहोंमधून रक्त परत नेणाऱ्या नीला चेपल्या जातात, आणि आत आलेले रक्त आतच कोंडले जाते.

याच्या विरुद्ध काम करणारी मज्जातंतूंची दुसरी शाखा आहे. संकट आले असता हृदय धडधडविणारी, तळहातांस घाम आणणारी ती हीच. तिच्या टोकांतून नॉरअॅड्रिनॅलिन स्रवते व त्या द्रव्याने स्पंजातील स्नायू आवळले जातात. भयभीत मनुष्यास भूक लागत नाही, त्याच न्यायाने भयभीत मनुष्यास उत्थान होत नाही. या दोन्ही शाखा इच्छेच्या ताब्यात नाहीत. हात उचलावा तसे उत्थान हुकमाने घडवून आणता येत नाही. उलट, हुकूम सोडण्याचा प्रयत्नच दुसऱ्या शाखेस जागे करतो.

भय की लक्ष?

केवळ भयाने सर्व उलगडा होतो काय? १९८३ साली डेव्हिड बार्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या एका प्रयोगाने याविषयी विचार करावयास लावले. ज्यांना असा दोष नव्हता अशा तरुणांना कामोद्दीपक चित्रपट दाखविताना, पुरेसे उत्थान न झाल्यास विजेचा सौम्य धक्का बसेल, अशी धमकी देण्यात आली. अपेक्षा अशी की त्यांचे उत्थान कमी होईल. प्रत्यक्षात ते वाढले. अशाच प्रकारच्या दुसऱ्या प्रयोगांत निरोगी पुरुषांना त्याच वेळी भलताच मजकूर ऐकविला, तेव्हा मात्र त्यांचे उत्थान घटले. उत्थानदोष असलेल्यांना तोच मजकूर ऐकविला तर फारसा फरक पडला नाही.

याचा अर्थ बार्लो यांनी असा लावला की, दोष असलेल्या पुरुषाचे लक्ष आधीच दुसरीकडे गुंतलेले असते. ते स्पर्शाकडे वा सहचरीकडे नसते. ते स्वतःच्या परीक्षेकडे असते. मास्टर्स व जॉन्सन या संशोधकांनी १९७० साली या स्थितीचे वर्णन ‘स्वतःच स्वतःचा प्रेक्षक होणे’ असे केले होते. आपले गृहस्थ दुसऱ्या रात्री नेमके हेच करीत होते. भय व विचलित लक्ष ही दोन्ही एकमेकांस पोसतात, आणि एका रात्रीच्या थकव्याचे तीन महिन्यांच्या विकारात रूपांतर होते.

भयाचे बीज पुष्कळदा फार आधी पेरलेले असते. वीर्य म्हणजे रक्ताचे सार असून त्याच्या नाशाने पुरुषत्व क्षीण होते, ही समजूत मुलांच्या कानी लहानपणीच पडते. तिच्यापोटी जडणाऱ्या विकाराला डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली ‘धात’ या लोकभाषेतील शब्दावरूनच नाव दिले. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून अशा समजुतींविरुद्ध लिहिले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर झालेल्या १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. निकाल कर्व्यांविरुद्ध लागून त्यांना दंड झाला. या विषयावर दोघांनी न बोलण्याची सवय किती जुनी आहे, हे यावरून कळते.

पहाटेची साक्ष

आपले गृहस्थ अखेर वैद्याकडे गेले. वैद्याने तपासणीपूर्वी तीन प्रश्न विचारले : दोष एकाएकी सुरू झाला की हळूहळू वाढत गेला? प्रत्येक प्रसंगी येतो की काही प्रसंगीच? आणि पहाटे जाग येते तेव्हा उत्थान असते काय?

तिसऱ्या प्रश्नामागे निद्रेचे शास्त्र आहे. झोपेत मधूनमधून डोळ्यांच्या बुबुळांची जलद हालचाल होते. स्वप्ने विशेषतः याच काळात पडतात. ही अवस्था १९५३ साली शिकागो येथे आसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी प्रसिद्ध केली, आणि १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स फिशर व सहकाऱ्यांनी दाखविले की, निरोगी पुरुषास याच काळात उत्थान होते. रात्रीत असे चार-पाच वेळा घडते. त्यास कामविचार लागत नाही, आणि निजलेला मनुष्य स्वतःची परीक्षाही घेत नाही. म्हणून निद्रेतील दृढ उत्थान ही एक साक्षच होय : रक्तवाहिन्या, मज्जातंतू व स्पंज शाबूत आहेत, अडथळा जागेपणी येतो.

गृहस्थ म्हणाले, “एकाएकी सुरू झाले. एकांतात कधी ठीक होते. पहाटेचे मात्र सांगता येत नाही. हल्ली जाणवत नाही.” या शेवटच्या उत्तराने घाईचा वैद्य फसला असता. या वैद्याने पाळ्यांची चौकशी केली. रात्रपाळीनंतर दिवसा येणारी झोप बहुधा तोकडी व तुटक असते, आणि गजराने जाग येते ती त्या विशिष्ट अवस्थेतच येईल असे नाही. म्हणून त्याने सांगितले की, सुट्टीला जोडून रात्री पुरेशी झोप मिळेल अशा दिवसांची नोंद ठेवा. पंधरा दिवसांनी ते परत आले तेव्हा त्यांच्या नोंदीत पाच पहाटांपैकी चार पहाटे उत्थान होते.

शरीराचा वाटा कधी शोधावा

तरीही वैद्याने रक्तदाब मोजला, रक्तातील साखर व चरबी तपासली, आणि सकाळच्या वेळचे टेस्टोस्टेरॉन पाहिले. सर्व प्रमाणात निघाले. ही तपासणी अनावश्यक नव्हती. शिश्नाच्या रोहिणी हृदयाच्या रोहिणींहून अरुंद असतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांचा विकार कधी कधी हृदयात जाणवण्यापूर्वी येथे जाणवतो. मधुमेह, तंबाखू, उच्च रक्तदाब यांपैकी काही असेल तर तिशीतही शारीरिक कारण संभवते. त्याची चाल निराळी असते : दोष महिनोन्महिने हळूहळू वाढतो, सर्व प्रसंगी सारखाच राहतो, आणि पहाटेचे उत्थानही क्षीण होत जाते. मार लागल्यावर, ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा नवे औषध सुरू केल्यावर शारीरिक दोष एकाएकीही उद्भवू शकतो. खिन्नतेवरील व रक्तदाबावरील काही औषधे यांत मोडतात. उलट, खिन्नतेच्या विकारात शरीर शाबूत असूनही निद्रेतील उत्थान कमी होऊ शकते. म्हणून पहाटेची साक्ष बलवान असली तरी एकटीवर निकाल देऊ नये. शिवाय पुष्कळांत दोन्ही कारणे मिसळलेली असतात : शरीराची किंचित उणीव, आणि तिच्यावर चढलेला चिंतेचा डोंगर.

उपाय

वैद्याने पुढच्या भेटीस पत्नीसही बोलाविले. वर सांगितलेली यंत्रणा दोघांना समजावली. ‘माझ्याविषयीची ओढ संपली’ हा पत्नीचा समज तेथेच दूर झाला. मग त्याने सांगितले की, चार आठवडे समागम करावयाचा नाही. या काळात निवांत असता एकमेकांस केवळ स्पर्श करावा. प्रथम जननेंद्रिये वगळून, पुढे त्यांसह. उत्थान झाले तरी ठीक, न झाले तरी ठीक. ही पद्धती मास्टर्स व जॉन्सन यांची आहे. तिचे मर्म बंदीत आहे. परीक्षाच रद्द झाली म्हणजे परीक्षार्थ्याला घाबरण्याचे कारण उरत नाही, आणि लक्ष स्पर्शाकडे परत येते. रात्रपाळीच्या दिवसांत हा प्रयत्न करू नये व मद्य वर्ज्य करावे, असेही ठरले.

१९९८ पासून उपलब्ध असलेले सिल्डेनाफिल व त्या वर्गातील औषधे नायट्रिक ऑक्साइडने आरंभिलेले कार्य टिकवून धरतात. मानसिक दोषातही आत्मविश्वास परत येईपर्यंत वैद्य ती काही काळ देतात. परंतु मूळ संदेश उद्दीपनातूनच यावा लागतो. औषध तो निर्माण करीत नाही. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यास ती दिल्यास रक्तदाब घातक रीतीने खाली येतो. म्हणून ती दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत.

तिसऱ्या आठवड्यात गृहस्थांना स्पर्शाच्या वेळी उत्थान होऊ लागले. बंदी संपल्यावर एकदा ते ओसरलेही. या वेळी त्यांनी त्याचा निकाल लावला नाही. ते पत्नीस म्हणाले, “आज झोप झालेली नाही,” आणि दोघे निजले. त्या लग्नाहून परतल्यावर हेच वाक्य उच्चारले गेले असते, तर तेवढ्यावरच प्रकरण मिटले असते.