बरोबरीचा विमा केवढ्याला?

प्रश्न : ‘ड्रॉ नो बेट’ आणि ‘डबल चान्स’ यांत पैसे खरंच सुरक्षित राहतात का? (एक वाचक, बरकतपुरा)

उत्तर : 20 मार्च 2022चा फातोर्ड्यातला आयएसएल अंतिम सामना घ्या. हैदराबाद एफसी पेनल्टींवर जिंकली, पण नव्वद मिनिटांअखेर गोल 1-1 होते आणि साध्या बाजारात तोच निकाल धरतात. म्हणजे ‘हैदराबाद विजयी’ हा डाव बुडालेला. समजा भाव विजयाला 2.50, बरोबरीला 3.20 होता. शंभर रुपयांतले 31.25 बरोबरीवर आणि उरलेले विजयावर लावले, तर बरोबरीत शंभर परत आणि विजयात सुमारे 172 मिळतात. हाच ‘ड्रॉ नो बेट’. 250 ऐवजी 172, ही संरक्षणाची किंमत. ‘डबल चान्स’मध्ये दोन्ही निकालांना सुमारे 140. कुणी म्हणेल, जोखीम तरी घटते. घटते, पण दोन्ही भावांत बुकीचा नफा आधीच मुरलेला असतो, आणि तयार ‘ड्रॉ नो बेट’ 1.72 ऐवजी 1.65ने मिळाला, तर त्याच संरक्षणाचे जादा पैसे जातात. तेलंगणात 2017च्या दुरुस्तीपासून पैशांची ऑनलाइन पैज गुन्हा आहे. त्या जोखमीपासून कुठलाच बाजार संरक्षण देत नाही.