जुन्या फ्रिजची वाजवी किंमत

प्रश्न : चार वर्षे वापरलेला फ्रिज ऑनलाइन जाहिरातीत २०,००० रुपयांना मिळतो आहे. मूळ पावती २८,००० रुपयांची आहे. सौदा रास्त समजावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : विक्रेत्याने पूर्वी किती रक्कम मोजली, यावरून जुन्या वस्तूचे मूल्य ठरते, हा समज प्रथम दूर करावा, कारण तितक्याच क्षमतेचा नवा फ्रिज आज ज्या भावाने मिळतो, तोच हिशेबाचा खरा पाया होय. तो भाव २४,००० रुपये आहे असे धरू. घसारा म्हणून पहिल्या वर्षी सुमारे चतुर्थांश आणि पुढे दरसाल उरलेल्या रकमेचे १५ टक्के वजा केल्यास १८,०००, १५,३००, १३,००० आणि अखेरीस सुमारे ११,००० रुपये उरतात. हा केवळ अंदाज असल्याने, फ्रिज उत्तम स्थितीत असून कॉम्प्रेसरची हमी शिल्लक असल्यास हजार-दीड हजार अधिक द्यावेत. दाराचे रबर सैल असल्यास दुरुस्तीखर्च, तसेच वाहतूकही आपल्याकडे असल्यास हमाली व टेम्पोभाडे वजा करावे.

पाहणीस जाण्यापूर्वी फ्रिज काही तास बंद ठेवण्यास सांगावे, म्हणजे तो आपल्यासमक्ष सुरू होऊन कितपत थंड होतो, हे कळेल. दारात कागद धरून दार लावल्यावर तो सहज निसटला, तर रबर निकामी समजावे. वस्तू पाहिल्यावाचून बयाणा मुळीच देऊ नये. बारा हजारांच्या आसपास सौदा जमल्यास निःशंक घ्यावा. वीस हजारांत मात्र थोडी भर घालून नवाच घेणे श्रेयस्कर.