महादूला बढती मिळाली

महादू आणि गोविंदा एकाच आळीतले. दोघे साखर कारखान्यात कामाला जात. ऊस गव्हाणीतून आत येतो आणि मोठ्या लोखंडी रोलरांमध्ये पिळला जातो. त्या रोलरांपाशी दोघांचे काम. दोघेही हेल्पर. १२ वर्षे दोघांनी एकाच पाळीत काढली. एकाच मोटारसायकलवरून गेले, एकाच मोटारसायकलवरून आले. एकाच्या डब्यातली भाकरी दुसऱ्याने खाल्ली.

एक दिवस कारखान्याच्या फलकावर कागद लागला. महादू फिटर झाला होता. गोविंदा हेल्परच राहिला. आणि गोविंदा तर महादूच्या आधी एक वर्ष कामाला लागलेला!

कागद वाचून गोविंदाच्या पोटात तुटले. तेवढ्यात गेटपाशी महादूच समोर आला. चार माणसे भोवती होती. काहीतरी बोलणे भाग होते. गोविंदा मोठ्याने हसला आणि म्हणाला,

"काय बाबा, आता तू साहेब झालास! आम्हां गरिबांना ओळख देशील ना? नशीब काढलंस लेका. बोल, पेढे कधी देतोस?"

माणसे हसली. महादूही हसला, पण त्याचे हसू ओठांवरच राहिले. "देतो की," एवढेच तो म्हणाला. त्या संध्याकाळी दोघे नेहमीसारखे एका गाडीवरून घरी आले. रस्ताभर कोणी बोलले नाही.

आता आपण विचार करू. गोविंदाने शिवी दिली नाही. वाईट चिंतले नाही. मग महादूचे तोंड का उतरले? गोविंदाची वाक्ये एकेक करून पाहू.

"तू साहेब झालास, ओळख देशील ना?" महादू अजून काही विसरला नव्हता. बदललाही नव्हता. पण गोविंदाने आधीच त्याच्यावर आरोप ठेवला. आता महादूने काय म्हणावे? "देईन ओळख" म्हटले तरी तो मोठा ठरतो. गप्प बसला तरी मोठाच ठरतो. हे वाक्य थट्टेचे वाटते, पण आत काटा असतो.

"नशीब काढलंस." हे वाक्य सगळेच बोलतात. बोलणाऱ्याच्या मनात पुष्कळदा वाईट नसते. पण बढती नशिबाने मिळाली म्हटले की माणसाची मेहनत पुसली जाते. आपण रात्रपाळ्या केल्या, काम शिकलो, ते कुणी पाहिलेच नाही, असे त्याला वाटते. "कुणाचा वशिला लावलास?" हे वाक्य तर याहून कडू. ते थट्टेतही बोलू नये.

"पेढे कधी देतोस?" पेढे मागण्यात पाप नाही. आपल्याकडे ती रीतच आहे. पण आनंदाचा एक शब्द न बोलता आधी पेढे मागितले, तर ते मागणेच होते. पेढ्यांचे बोलणे शेवटी यावे. नाहीतर त्यालाच काढू द्यावे. तो काढतोच.

त्या रात्री गोविंदा जेवताना गप्प होता. बायकोने विचारले, "काय झालं?"

"महादू फिटर झाला."

"बरं झालं की! पण काय हो, त्यांनाच का केलं?"

गोविंदा चटकन म्हणणार होता, "नशीब त्याचं!" पण घास हातातच राहिला. त्याला मागच्या हंगामातली एक रात्र आठवली.

तिसरी पाळी होती. पहाटेचे तीन वाजले होते. सगळ्यांच्या डोळ्यांवर झोप होती. महादू चालता चालता थांबला. त्याला जळक्या तेलाचा वास आला. तो एकेका बेअरिंगपाशी जाऊन वाकून पाहू लागला. एक बेअरिंग भलतेच तापले होते. त्याला तेल पोचवणारी नळी तुंबली होती. महादूने धावत जाऊन फिटरला उठवले. मिल थोडा वेळ थांबवली, नळी साफ केली, पुन्हा चालू केली. तसेच चालू ठेवले असते तर बेअरिंग जळाले असते. मिल कितीतरी वेळ बंद पडली असती. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली असती. उभ्या गाडीत ऊस वाळतो, वजन घटते. त्यात शेतकऱ्याचे नुकसान होते.

त्या रात्री गोविंदा तिथेच होता. त्याच्याही नाकात तोच वास गेला होता. पण तो म्हणाला होता, "असंल काहीतरी."

गोविंदाने ही हकीकत बायकोला सांगितली. ती म्हणाली, "मग हेच त्यांना सांगा की!"

नीट पाहा, गोविंदाचे दुःख गेले का? नाही. बढती आपल्याला मिळाली नाही, ही खंत होतीच. खंत वाटणे हा गुन्हा नव्हे. बरोबरीच्या माणसाला बढती मिळाली की बहुतेकांना थोडे टोचते. ते टोचणे दाबून मोठ्याने हसायला गेले की ते थट्टेतून बाहेर पडते. गेटपाशी तसेच झाले. गोविंदाला आता सांगण्यासारखी एक खरी गोष्ट सापडली होती. मन पुरते निवळण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. खरी गोष्ट बोलायला तेवढी पुरे असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो महादूच्या घरी गेला. अंगणात दुसरे कोणी नव्हते. तो म्हणाला,

"महादू, काल गेटवर मी वेडंवाकडं बोललो. मनात येऊ देऊ नकोस. त्या रात्री बेअरिंग तापलं होतं ना, वास मलाही आला होता. पण मी पुढं गेलो, तू थांबलास. तू फिटर झालास ते बरोबरच झालं. मला आनंद झाला."

एवढे बोलून तो थांबला.

महादू क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला ती रात्र आठवते? मला वाटलं, कुणाच्या ध्यानातच नाही." आणि मग तो बोलतच राहिला. नळी कशी तुंबली होती, फिटर कसा चिडला होता, आपले हात कसे कापत होते. घरातून चहा आला. पेढे महादूने स्वतःच पुढे केले. गोविंदाचे बोलणे पोचले होते. त्याची खूण हीच की समोरचा माणूस मोकळा होऊन आपली हकीकत सांगू लागला.

गोविंदाने काय काय केले ते आता पाहू.

तो लवकर गेला. एक रात्र मध्ये गेली तर चालते. आठ दिवस गेले तर न बोलण्याचाच अर्थ लावला जातो.

त्याने डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगितली. दहा सांगितल्या नाहीत. "तू फार हुशार, फार कष्टाळू" असे म्हटले नाही. असे शब्द कुणालाही लागू पडतात. तापलेल्या बेअरिंगची गोष्ट मात्र फक्त महादूची होती.

त्याने स्वतःचे रडगाणे गायले नाही. "माझी नोकरी तुझ्याहून जुनी," हे त्याने काढले नाही. ते खरे होते. पण ते सांगायचे तर साहेबांना सांगायचे, तेही वेगळ्या दिवशी. "आता माझंही बघ," असेही तो म्हणाला नाही. अभिनंदनाच्या पाठीला मागणे बांधले की अभिनंदन खोटे वाटू लागते.

आणि बोलून झाल्यावर तो थांबला. पुष्कळ माणसे चांगले बोलतात, मग घाबरून लांबण लावतात. शेवटी एखादा "पण" येतो आणि सगळे नासते.

कधी माणूस लांब असतो. मग चिठ्ठी लिहावी लागते. आपण नुकतेच लिहायला शिकलो की मोठमोठे शब्द लिहावेसे वाटतात. गोविंदाचा मेहुणा दुसऱ्या गावी एका दुकानात कामाला होता. तो तिथला मुख्य कारकून झाला. गोविंदाने प्रथम असे लिहिले:

"आपणांस बढती मिळाल्याचे समजून अत्यानंद झाला. आपली उत्तरोत्तर अशीच प्रगती होवो, ही ईश्वरचरणी प्रार्थना."

यात चूक एकही नाही. पण मेहुण्याचे नाव काढून दुसऱ्या कोणाचेही नाव घाला, पत्र तसेच चालते. पारख करायची ती अशीच. नाव बदलूनही जे पत्र चालते, ते त्या माणसाचे पत्र नव्हे. मोबाईलवर आलेले फुलांचे चित्र पुढे पाठवले, तर तेही असेच असते.

गोविंदाने कागद बाजूला ठेवला आणि पुन्हा लिहिले:

"दाजी, तुम्ही मुख्य कारकून झालात हे ताईकडून कळले. दिवाळीत तुम्ही आमच्याकडे आला होता, तेव्हाही रात्री बसून उधारीची वही तपासत होता. चार रुपये जुळत नव्हते, तर तुम्ही जेवायला उठला नाहीत. मालकाने ते पाहिले, याचा आम्हांला आनंद आहे. ताईला नमस्कार सांगा."

पत्र लहान आहे. शब्द रोजचे आहेत. पण हे पत्र दुसऱ्या कोणाला पाठवता येणार नाही.

एक अडचण राहिली. कधी मित्राने नेमके काय केले ते आपल्याला ठाऊक नसते. तेव्हा उगाच स्तुती करू नये. सरळ विचारावे, "आता काम काय असतं रे तुझं? सांग की." मन लावून ऐकावे. हेही अभिनंदनच आहे. आणि कधी बढती चुकीच्या माणसाला मिळाली असे आपल्याला मनापासून वाटते. तेव्हा खोटे गोड बोलायची गरज नाही. "नवीन काम चांगलं होवो," एवढे म्हणावे आणि पुढे जावे. थोडे बोलले तर नाते तुटत नाही. टोमणा मारला तर तुटते.

आज महादू फिटर आहे आणि गोविंदा त्याच्या हाताखाली काम करतो. कामावर चार माणसांत गोविंदा त्याला "महादूभाऊ" म्हणतो. त्यात थट्टा नसते. घरी जाताना गाडीवर मात्र तो पुन्हा "महाद्या" होतो. आणि वाटेत दोघांचे बोलणे संपत नाही.

सराव

१. गोविंदा गेटपाशी जे बोलला, त्यातले कोणते वाक्य तुम्हांला सर्वांत कडू वाटले? का?

२. "वास मलाही आला होता" हे गोविंदाने सांगितले नसते, तर काय फरक पडला असता?

३. तुमच्या ओळखीच्या, बढती मिळालेल्या एका माणसाची आठवण करा. त्याने केलेली आणि तुम्ही पाहिलेली एक गोष्ट दोन वाक्यांत लिहा. मग त्यात दुसऱ्याचे नाव घालून पाहा. चालते का?