बेत फसतो तिथून गोष्ट सुरू होते : 'मोहिमेची गोष्ट' लिहिताना

मुलांना 'टोळीने केलेल्या धाडसाची गोष्ट' लिहायला सांगा. दहापैकी आठ वह्यांत एकच मजकूर सापडतो : चार मित्र जमले, बेत ठरला, बेताप्रमाणे सगळं झालं, वस्तू मिळाली. यातली नावं अदलाबदल केली तरी गोष्टीत काही फरक पडत नाही, कारण बेत सुरळीत चालला की प्रत्येक जण फक्त नेमून दिलेलं काम करतो. त्याचा स्वभाव दिसायला जागाच राहत नाही.

म्हणून मी चौथीच्या वर्गात आधी लाल महालाचा प्रसंग घेते. (ती चोरी नव्हती, शत्रूच्या गोटावरचा छापा होता, हे मुलांना स्पष्ट सांगावं. आपल्याला त्याची फक्त बांधणी बघायची आहे.) ५ एप्रिल १६६३ ची रात्र, रमजानचा महिना. आम्ही खानाच्याच फौजेतले, अशी बतावणी करून महाराजांची माणसं पुण्यात शिरली. मुदपाकखान्याकडून आत जायचं, भिंतीतली बुजवलेली वाट फोडायची आणि झोपलेल्या शाएस्तेखानाला गाठायचं, असा बेत. पण भिंत फोडायची तर आवाज होणारच! म्हणजे बेत मोडणारी गोष्ट बेतातच होती.

पुढचं खाफीखानाने लिहिलेल्या हकिकतीत येतं. एका नोकराला आवाज ऐकू आला, त्याने खानाला उठवलं. खानाने उलट त्यालाच झापलं : स्वयंपाकाची माणसं उठली असतील! मग दासी धावत आल्या आणि खान हत्यार घेऊन उठला. अंधार, गोंधळ. दोन मावळे पाण्याच्या हौदात पडले. खानाचा अंगठा तुटला (मराठी बखरीत तीन बोटं), पण दोन दासींनी हाताला धरून त्याला ओढत सुरक्षित जागी नेलं. तिकडे काही मावळे नगारखान्यात घुसले आणि खानाच्याच नावाने हुकूम दिला, नगारे वाजवा! त्या दणदणाटात कुणाचं बोलणं कुणाला कळेना.

इथे थांबून मुलांना विचारा, कोण कसं आहे? खान गाफील आणि तापट, दासी धीराच्या, नगारखान्यातला मावळा हजरजबाबी. यातलं एकही विशेषण वर लिहिलेलं नाही, तरी मुलं ती बरोबर सांगतात.

आता मुलांची स्वतःची गोष्ट. आमच्या वर्गात फळ्यावर तयार झालेली अशी : सोसायटीच्या ऑफिसात जप्त झालेला आपलाच बॉल परत आणायचा. सईने बेत आखला : "काही झालं तर जबाबदारी माझी." ओम खिडकीतून आत जाणार, इरफान बाहेर खिडकी धरणार. त्याला हा बेत मुळातच पसंत नाही. धाकटी तनू गेटवर पहारा देणार. तीन वाजता वॉचमनकाका चहाला जातात.

बेत कसा मोडावा? मुलं पटकन लिहितात, "अचानक पाऊस आला." तो पाऊस खोडायला लावा. आकाशातून पडलेलं संकट कुणाबद्दलच काही सांगत नाही. तनू गेटवर एकटी दिसली म्हणून काका चहाला न जाता तिच्याशी गप्पा मारत थांबले आणि मग तिला घेऊन ऑफिसकडेच निघाले, हे चाललं. पहारा ठेवला म्हणूनच बेत फसला.

यानंतरचा एकच मिनिट सावकाश लिहून घ्यायचा. प्रत्येकाला एकच कृती, आणि त्या कृतीत त्याचं काहीतरी पणाला लागलेलं हवं. ओम बॉल घेऊन उडी मारतो आणि पळतो, चपला आतच. काका विचारतात तेव्हा सई म्हणते, "आत कोण आहे मला नाही माहीत." बेत नको म्हणणारा इरफान चपला आणायला आत चढतो. आणि तनू काकांचं बोट घट्ट धरून म्हणते, "काका, मला घरी सोडता? भीती वाटते."

एक मुलगी म्हणाली, "बाई, सई वाईट नाहीये, ती घाबरली." मग हे वाक्य गोष्टीत न लिहिता दाखव, म्हटलं. तिने लिहिलं : सई बोलताना ऑफिसच्या कुलपाकडे बघत होती.

तपासायला सोपा उपाय आहे. नावांवर बोट ठेवून वाचा. कृतीवरून माणूस ओळखता आला नाही, किंवा ओमची कृती इरफानला देऊनही चालली, तर तो परिच्छेद पुन्हा लिहायचा. आणि बेत सुरुवातीला पूर्ण सांगितला असेल तर तो मोडलाच पाहिजे, नाहीतर वाचकाला तेच दोनदा वाचावं लागतं.

"चोरी शिकवता का?" असं पालक विचारतात. म्हणून वस्तू मुलांची स्वतःचीच ठेवते. शेवट मात्र ठरवून देत नाही. आमच्या वर्गात बहुतेकांनी बॉल मिळवला, पण संध्याकाळी खेळायला सईला कुणी हाक मारली नाही.