वॉलेटमधला पैसा परत कसा येतो?

मोबाईलवर क्यूआर कोड धरून आपण किराणा दुकानात ऐंशी रुपये देतो, तेव्हा दुकानदाराला आणि आपल्यालाही एकच गोष्ट दिसते: पैसे गेले. ते बचत खात्यातून गेले की आधी भरून ठेवलेल्या वॉलेटमधून, हे सहसा कोणी पाहत नाही. अनेक अॅपमध्ये दोन्ही पर्याय एकाच पडद्यावर, एकाखाली एक असतात, त्यामुळे ती एकाच पैशाची दोन नावे आहेत असे वाटू लागते. तसे मुळीच नाही. रोजच्या खरेदीत हा फरक जाणवत नाही. पैसे परत काढण्याची, दुसऱ्याला पाठवण्याची किंवा दाद मागण्याची वेळ आली की तो एकदम समोर येतो. म्हणून वॉलेटमध्ये पैसे भरण्याआधीच तो समजून घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

यूपीआयला बँक खाते जोडलेले असते तेव्हा अॅपकडे आपला एक रुपयाही नसतो. अॅप फक्त निरोप पोचवते. पैसा शेवटच्या क्षणापर्यंत आपल्या खात्यात राहतो, बचत खाते असेल तर त्यावर व्याज मिळते आणि बँक बुडाली तर ठेव विम्याचे पाच लाख रुपयांपर्यंतचे कवच असते. प्रीपेड वॉलेटमध्ये मात्र पैसे भरले त्याच क्षणी ते आपल्या खात्यातून निघून गेलेले असतात. त्यांच्या बदल्यात कंपनीने आपल्याला खर्च करण्याचा हक्क दिलेला असतो, खानावळीच्या कुपनांच्या पुस्तकासारखा. वॉलेट देणारी कंपनी बँक नसेल तर हे पैसे तिला एखाद्या बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळे ठेवावे लागतात आणि ते मनाला येईल तसे वापरता येत नाहीत. ही तरतूद चांगली आहे. तरीही त्या खात्यात आपल्या नावाची ठेव नसते, शिल्लक रकमेवर व्याज मिळत नाही आणि ठेव विमा आपल्यापर्यंत पोचेल असे धरून चालता येत नाही.

आता मर्यादांकडे वळू. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये अशा प्रीपेड साधनांसाठी एकत्रित निर्देश काढले, त्यात वॉलेटचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. मोबाईल क्रमांक ओटीपीने पडताळून, नाव आणि एखाद्या ओळखपत्राचा क्रमांक आपणच लिहून दिला की जे मिळते ते लहान वॉलेट. त्यात कोणत्याही क्षणी 10,000 रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि एका महिन्यात 10,000 रुपयांपेक्षा जास्त भरताही येत नाहीत. दुसरा प्रकार संपूर्ण केवायसीचा. त्यात शिल्लक 2 लाख रुपयांपर्यंत जाऊ शकते. लोकांच्या लक्षात राहतो तो हा आकड्यांमधला फरक. माझ्या मते खरा फरक पुढच्या ओळीत आहे: लहान वॉलेटमधला पैसा फक्त वस्तू आणि सेवा विकत घेण्यासाठी वापरता येतो. तो दुसऱ्याच्या खात्यात पाठवता येत नाही आणि रोख काढता येत नाही. संपूर्ण केवायसी झाल्यावर या दोन्ही वाटा उघडतात.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका विद्यार्थिनीच्या लहान वॉलेटमध्ये 18 तारखेला 7,500 रुपये आहेत आणि या महिन्यात तिने एकूण 8,000 रुपये भरले आहेत. तिला आणखी 3,000 भरायचे आहेत. अॅप नकार देते, कारण शिल्लक 10,500 होईल. म्हणून ती आधी पुस्तकांवर 2,000 खर्च करते. शिल्लक 5,500 होते आणि आता 3,000 सहज मावतील असे तिला वाटते. पुन्हा नकार. महिन्याचा भरणा 11,000 वर जात असल्याने आता फक्त 2,000 भरता येतात. अशा वेळी अॅप बिघडले असे समजून लोक पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. प्रत्यक्षात दोन वेगळ्या मर्यादा एकामागून एक आडव्या आलेल्या असतात. आता तिला खोलीभाड्याचा वाटा म्हणून मैत्रिणीच्या बँक खात्यात 4,000 पाठवायचे आहेत असे धरू. शिल्लक पुरेशी आहे, कोणतीही आकड्याची मर्यादा ओलांडली जात नाही, तरीही पैसे जाणार नाहीत. इथे रक्कम वाढवून किंवा कमी करून काही होत नाही, कारण पाठवण्याची वाटच बंद आहे.

ही वाट बंद का ठेवली आहे, हे कळले की ओळख पडताळणीने मर्यादा का वाढतात तेही उलगडते. लहान वॉलेटमध्ये नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक आपण सांगितलेला असतो. तो आपलाच आहे याची खातरजमा कोणी केलेली नसते. काही लहान वॉलेटमध्ये तर रोख रक्कमही भरता येते. अशा साधनातून पैसे पुढे पाठवता आले असते, तर चोरीचा पैसा दहा वॉलेटमध्ये विभागून, तिथून वीस खात्यांत फिरवून रोख काढून घेणे फार सोपे झाले असते, आणि माग काढणाऱ्या पोलिसांच्या हाती शेवटी एक खोटे नाव आणि बंद पडलेले सिमकार्ड उरले असते. म्हणून नियम दोन गोष्टी एकत्र बांधतात: माणसाबद्दल जेवढी खात्री, तेवढी पैशाला मोकळीक. संपूर्ण केवायसी झाल्यावरही हा विचार सुटत नाही. ज्याला पैसे पाठवायचे त्याची आधी नोंद केलेली असेल तर महिन्याला 2 लाखांपर्यंत पाठवता येतात. नोंद नसलेल्यांना सगळे मिळून फक्त 10,000. म्हणजे पाठवणारा ओळखीचा असला तरी घेणाराही किती ठाऊक आहे, हे पाहिले जाते. बँक नसलेल्या कंपनीच्या वॉलेटमधून रोख काढायची तर एका वेळी 2,000 आणि महिन्याला 10,000 रुपयांचीच मुभा आहे.

म्हणून वॉलेट वापरायचे तर संपूर्ण केवायसी करून घ्यावे, असे मला वाटते. यावर पहिला आक्षेप असा येतो, आणि तो वजनदार आहे: कागदपत्रे आणि चेहरा आणखी एका कंपनीच्या हवाली का करायचा? माहिती फुटण्याची भीती खोटी नाही. पण इथे निवड ओळख देणे आणि अनामिक राहणे यांच्यात नाही. लहान वॉलेटलाही मोबाईल क्रमांक आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावाच लागतो. आपण अनामिक तेव्हाही नसतो, फक्त न पडताळलेले असतो. ज्याला ही भीती खरोखर वाटते त्याने वॉलेट वापरायचेच नाही आणि बँक खाते जोडलेल्या यूपीआयवर भागवायचे, हा सरळ मार्ग आहे. त्या बँकेने त्याची ओळख आधीच पडताळलेली असते. मधली स्थिती, म्हणजे पडताळणी न करता वॉलेटमध्ये आठ-नऊ हजार पडू देणे, मला सगळ्यांत वाईट वाटते.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. वॉलेट लहानच बरे, कारण चोरी झाली तर नुकसान तेवढ्यापुरतेच, असे अनेक जण म्हणतात. ते बरोबर आहे, आणि म्हणूनच चहा-वडापाव, रिक्षा, भाजी यांसाठी वेगळे वॉलेट ठेवण्याला माझा विरोध नाही. पण केवायसी केल्याने दोन लाख ठेवायचे बंधन येत नाही. पडताळलेल्या वॉलेटमध्येही पाचशे रुपयेच ठेवता येतात. त्याचा लाभ जास्त साठवण्यात नाही, उरलेली रक्कम हवी तेव्हा आपल्या बँक खात्यात परत आणता येण्यात आहे. फक्त शिल्लक कमी झाल्यावर बँक खात्यातून आपोआप पैसे भरले जाण्याची सोय चालू नाही ना, एवढे पाहावे. नाहीतर लहान वॉलेटमागे मोठे खाते उघडे राहते.

परत येण्याच्या या वाटेचे मोल किती, हे 2024 च्या सुरुवातीला देशभर दिसले. रिझर्व्ह बँकेने 31 जानेवारी 2024 रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेला खाती आणि वॉलेट यांत नवे पैसे स्वीकारण्यास मनाई केली आणि नंतर त्याची मुदत 15 मार्चपर्यंत वाढवली. ग्राहकांसाठी काढलेल्या प्रश्नोत्तरांत तिने स्पष्ट केले की वॉलेटमधली शिल्लक संपेपर्यंत वापरता येईल, काढता येईल, दुसरीकडे हलवता येईल. मात्र किमान केवायसीच्या, म्हणजे लहान, वॉलेटमधला पैसा केवळ दुकानदारांना देण्यासाठी वापरता येईल. वॉलेट बंद करायचे तर संपूर्ण केवायसी असलेल्याला शिल्लक दुसऱ्या बँकेतल्या खात्यात नेता येत होती, तर किमान केवायसी असलेल्याने ती खर्च करायची किंवा परतावा मागायचा. कुणाचेच पैसे बुडाले नाहीत. पण एकाच वॉलेटचे दोन ग्राहक, एकाची रक्कम त्याच्या हातात आणि दुसऱ्याची अर्जावर, हा फरक त्यांनी पूर्वीच केलेल्या किंवा न केलेल्या पडताळणीमुळे पडला.

पडताळणी करायची ठरवली तर तिचा मार्ग नीट ओळखून घ्यावा, कारण ठगांचा धंदा नेमका इथेच चालतो. ‘तुमचे केवायसी आज रात्री संपते’ असा संदेश किंवा फोन येतो, दुवा उघडायला सांगतात, आपला पडदा समोरच्याला दाखवणारे अॅप टाकायला लावतात. खरी पडताळणी आपण स्वतः अॅप उघडून सुरू करतो. त्यात कंपनीच्या केंद्रावर प्रत्यक्ष जावे लागते किंवा व्हिडिओवर एक कर्मचारी समोर येऊन प्रश्न विचारतो, पॅन दाखवायला सांगतो, चेहरा जुळवून पाहतो. तो यूपीआय पिन कधीच विचारणार नाही आणि रक्कम पाठवायलाही सांगणार नाही. रोख भरण्याची सोय असलेले लहान वॉलेट 24 महिन्यांत पडताळले नाही, तर त्यात पुढे पैसे भरता येत नाहीत. आत असलेली शिल्लक मात्र वापरता येते. त्यामुळे ‘आज रात्री पैसे जप्त होतील’ ही धमकी ऐकली की फोन ठेवून द्यावा.

वॉलेटमधून आपल्या परवानगीशिवाय रक्कम गेली तर दिवस मोजणे महत्त्वाचे. चूक आपली नसेल आणि त्रयस्थाने गैरप्रकार केला असेल, तर तीन दिवसांत कंपनीला कळवल्यास नुकसान आपल्यावर येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास व्यवहाराची रक्कम किंवा 10,000 रुपये, यांतले जे कमी तेवढे आपल्यावर येऊ शकते. पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, आणि तिथे सर्वांत आधी याच क्रमांकाची आणि तारखेची गरज पडते.