शोधयंत्रावरील बदललेले पृष्ठशीर्षक : कारणे व दुरुस्ती

संकेतस्थळाच्या प्रत्येक पृष्ठास सामान्यतः दोन शीर्षके असतात. पहिले पृष्ठ उघडल्यावर ठळक अक्षरांत डोळ्यांसमोर येते. दुसरे पृष्ठाच्या संहितेत `title` या खुणांच्या दरम्यान लिहिलेले असते आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत दिसते. गूगलसारख्या शोधयंत्रावर शोध घेतला असता निकालात जी निळी ओळ येते, ती या दुसऱ्या शीर्षकाची हुबेहूब नक्कल असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत बऱ्याच अंशी खरी असली तरी पूर्णपणे खरी नाही. संहितेतील शीर्षक योग्य नाही असे वाटल्यास शोधयंत्र ते बाजूला ठेवते आणि आपल्या विवेकाने दुसरे शीर्षक निवडते.

असा फेरबदल गूगल २०१२ पासून करीत आले आहे. २४ ऑगस्ट २०२१ रोजी शीर्षके ठरविण्याची नवी पद्धती जाहीर झाली, तेव्हा अनेक संकेतस्थळांची शीर्षके एकाएकी बदललेली दिसू लागली व पुष्कळ तक्रारी झाल्या. पुढच्याच महिन्यात गूगलने पद्धतीत सुधारणा केली. सुमारे ८७ टक्के निकालांत संहितेतील शीर्षकच वापरले जाते, असे त्या वेळी सांगण्यात आले. म्हणजे फेरबदल हा नियम नसून अपवाद आहे. मात्र तो अपवाद ज्या पृष्ठाच्या वाट्यास येतो, तेथे त्याचे कारण बहुधा पृष्ठातच सापडते.

कारण समजण्यास कार्यालयातील नस्तीचे उदाहरण पुरेसे आहे. नस्तीच्या वेष्टनावर एक विषय आणि आतील टिप्पणीत दुसराच विषय आढळला, तर अभिलेख कक्षातील अनुभवी लिपिक वेष्टनावर विसंबत नाही. आतील कागद चाळून तो स्वतःच विषय ठरवितो. शोधयंत्राची रीत अशीच आहे. `title` हे वेष्टन होय. ते रिकामे असेल, शेकडो पृष्ठांवर एकच असेल, जुने झालेले असेल किंवा आतील मजकुराशी विसंगत असेल, तर इतर साक्षी तपासल्या जातात. पृष्ठावरील मुख्य मथळा म्हणजे `h1`, ठळक व मोठ्या अक्षरांतील अन्य मजकूर, समाजमाध्यमांसाठी दिलेले `og:title` आणि त्या पृष्ठाकडे नेणाऱ्या दुव्यांचे शब्द या त्या साक्षी होत.

यावरून ध्यानात येईल की, चुकीचे शीर्षक वारंवार दिसत असता केवळ `title` पुनःपुन्हा बदलीत राहणे व्यर्थ ठरू शकते. जी साक्ष आधीच नाकारली गेली, तिच्यातील दुरुस्तीचा निकालावर परिणाम होईलच असे नाही. उदाहरणादाखल, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका विभागाच्या संकेतस्थळाची कल्पना करू. योजनेची माहिती मराठीत असून २०२५-२६ या वर्षाचे अर्ज मागविले आहेत. तथापि शोधयंत्रावर योजनेचे नाव ‘२०२३-२४’ या वर्षासह येते. ते वाचून पालक मुदत संपली असे समजतात व पृष्ठ न उघडताच परततात. संबंधित कर्मचारी `title` तपासतो, तर तेथे चालू वर्षच आहे. तो शब्द फिरवून पाहतो, शेवटी विभागाचे नाव जोडून पाहतो. पण महिना उलटला तरी निकालातील वर्ष बदलत नाही. अर्जाची मुदत मात्र दिवसेंदिवस जवळ येत असते.

अशा पृष्ठाची संहिता उघडून पाहिली असता पुढील ओळी आढळतात :

```html
<title>Merit Scholarship Scheme 2025-26</title>
<meta property="og:title"
  content="गुणवंत विद्यार्थी शिष्यवृत्ती २०२३-२४">
<h1>गुणवंत विद्यार्थी शिष्यवृत्ती २०२३-२४</h1>
```

येथे दोष दोन आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला दोष भाषेचा. पृष्ठाचा सर्व मजकूर मराठीत, देवनागरी लिपीत आहे. शीर्षक मात्र इंग्रजीत आहे. गूगलने जून २०२२ मध्ये जाहीर केलेल्या सुधारणेनुसार शीर्षकाची भाषा अथवा लिपी मजकुराहून भिन्न असल्यास मजकुराच्या भाषेशी जुळणारे शीर्षक निवडण्याकडे यंत्राचा कल असतो. भारतीय भाषांतील शब्द रोमन लिपीत लिहून केलेली शीर्षकेही या सुधारणेच्या कक्षेत येतात. तेव्हा `title` मधील वर्ष कितीही अचूक असले तरी ते वेष्टन येथे भाषेपायीच बाजूस पडले, असा संभव अधिक.

दुसरा दोष त्यानंतर प्रकट होतो. वेष्टन नाकारल्यावर यंत्र मराठी शीर्षक शोधू लागते आणि त्यास `h1` व `og:title` या दोन मराठी साक्षी सापडतात. त्या दोन्हींत जुनेच वर्ष राहिलेले आहे. ही चूक कर्मचाऱ्याच्या दृष्टीस का पडली नाही, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, पृष्ठाच्या शिरोभागी ‘२०२५-२६’ असे मोठ्या अक्षरांत रंगविलेले चित्र लावलेले आहे. मनुष्याची दृष्टी प्रथम चित्राकडे जाते व त्याखालील लहानशा मथळ्यावरून घसरते. यंत्राची गोष्ट निराळी. चित्रात रंगविलेली अक्षरे शीर्षक म्हणून घेतली जातील, यावर विसंबता येत नाही. `og:title` तर पृष्ठावर दिसतच नाही. ते संकेतस्थळाच्या व्यवस्थापन प्रणालीत वेगळ्या रकान्यात भरलेले असते आणि हा रकाना वर्षानुवर्षे कोणी उघडीत नाही.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी गूगलने पृष्ठाची कोणती प्रत वाचली आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. सर्च कन्सोल या विनामूल्य सेवेत संकेतस्थळाची नोंद केल्यावर `URL Inspection` येथे पृष्ठाचा पत्ता द्यावा आणि `View crawled page` उघडून त्यातील संहिता वाचावी. तेथे `title` जुनेच दिसले, तर यंत्र बदलानंतर पृष्ठाकडे फिरकलेलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ; मग `Request Indexing` द्वारे विनंती करून प्रतीक्षा करावी. नवे शीर्षक तेथे दिसत असूनही निकालात जुने येत असेल, तर ते वाचून नाकारले गेले, असे समजावे. त्याच ठिकाणी गूगलने कोणता पत्ता मुख्य मानला, हेही नमूद असते. एकच माहिती दोन पत्त्यांवर असली व गूगलने दुसराच पत्ता मुख्य धरला, तर सर्व दुरुस्ती भलत्याच पृष्ठावर होत राहते. हा प्रकार वाटतो तितका दुर्मिळ नाही.

प्रस्तुत उदाहरणात दुरुस्तीनंतर त्याच ओळी अशा होतील :

```html
<title>गुणवंत विद्यार्थी शिष्यवृत्ती २०२५-२६ : अर्ज</title>
<meta property="og:title"
  content="गुणवंत विद्यार्थी शिष्यवृत्ती २०२५-२६">
<h1>गुणवंत विद्यार्थी शिष्यवृत्ती २०२५-२६</h1>
```

तिन्ही ठिकाणचे शब्द अक्षरशः एक असण्याची आवश्यकता नाही; भाषा, विषय व वर्ष यांत मेळ असला म्हणजे पुरे. मथळा पृष्ठावर स्पष्टपणे सर्वांत मोठा दिसावा आणि असा मथळा एकच असावा. दोन-तीन मथळे सारख्याच आकाराचे असल्यास मुख्य कोणता, हे यंत्रास कळत नाही व ते बहुधा पहिला उचलते. सूचनापट्टीतील ‘महत्त्वाचे’ हा शब्दच शीर्षक होऊन बसावा, असा विनोद त्यातून घडू शकतो.

यानंतर दुव्यांकडे वळावे. मुखपृष्ठावरील यादीत ‘शिष्यवृत्ती २०२३-२४’ असा जुना दुवा राहिला असेल व तीच यादी सर्व पृष्ठांवर उमटत असेल, तर त्या प्रत्येक दुव्याची साक्ष जुन्या वर्षाच्या बाजूने पडते. तो बदलण्यास दोन मिनिटे लागतात. आठवण मात्र राहत नाही.

गोवा, बेळगाव वा हैदराबाद येथील संकेतस्थळांना भाषेचा प्रश्न विशेषत्वाने भेडसावतो. मराठीसह कोंकणी, कन्नड, तेलुगू किंवा इंग्रजी मजकूर एकाच पृष्ठावर एकाखाली एक देण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. सूचनाफलकावर ती सोयीची असली तरी येथे तिच्यामुळे पृष्ठाची मुख्य भाषा कोणती हेच संदिग्ध होते. प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र पत्त्याचे पृष्ठ करावे व त्याचे शीर्षक त्याच भाषेत द्यावे. इंग्रजी शीर्षक टाकून देण्याचे कारण नाही. ते इंग्रजी पृष्ठावर शोभेल.

फेरबदल दिसला की तो दोषच मानावा, असेही नाही. लांब शीर्षक पडद्याच्या रुंदीनुसार कापले जाते. शेवटी जोडलेले विभागाचे नाव गळते, कारण निकालात संकेतस्थळाचे नाव आता वर निराळे दाखविले जाते. अशा बदलामागे धावण्यात वेळ दवडू नये. विषय, वर्ष किंवा स्थळ चुकीचे दिसत असेल, तरच दुरुस्ती हाती घ्यावी. फेरबदल सर्वस्वी रोखणारी कोणतीही खूण गूगलने दिलेली नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे. तसेच `robots.txt` या धारिकेद्वारे यंत्रास पृष्ठ वाचण्याची मनाई केली असेल, तर त्यास `title` दिसतच नाही व शीर्षक बाहेरील दुव्यांवरून बेतले जाते. तेथे मनाई उठविणे हीच दुरुस्ती होय.

सर्व बदल एकाच वेळी पूर्ण करून मग `Request Indexing` हे बटण दाबावे. रोज एकेक शब्द बदलल्यास कशाचा परिणाम झाला, हे कळेनासे होते. नवे शीर्षक दिसण्यास काही दिवस, क्वचित काही आठवडेही लागतात. विनंती वारंवार केल्याने हा अवधी कमी होत नाही. म्हणून वर्ष बदलण्याचे काम अर्ज मागविण्याच्या दिवशी न करता काही आठवडे आधीच केले पाहिजे. शोधाच्या चौकटीत `site:` लिहून त्यास लागून पृष्ठाचा पत्ता दिल्यास त्या पृष्ठाची निकालातील ओळ पाहता येते. आठवड्यातून एकदा असे पाहणे पुरेसे आहे.

मुख्य पृष्ठ सुधारल्यानंतरही जुने वर्ष दिसत राहिले, तर ती ओळ त्या पृष्ठाची नसून अर्जाच्या पीडीएफ धारिकेची असण्याचा संभव असतो. पीडीएफचे शीर्षक ठरविताना धारिकेच्या गुणधर्मांत नोंदलेले शीर्षक व तिच्याकडे नेणाऱ्या दुव्याचे शब्द विचारात घेतले जातात. गतवर्षीचा अर्ज उघडून त्यातच नवे वर्ष घातले, तर पहिल्या पानावर बदल होतो. गुणधर्मांतील शीर्षक जुनेच राहते. पीडीएफ तयार करण्यापूर्वी मूळ दस्तऐवजाच्या गुणधर्मांतील शीर्षकाचा रकाना नव्याने भरावा व नंतरच ती धारिका संकेतस्थळावर चढवावी.