आडनाव बदलले, ठेवींचे काय?

प्रश्न : लग्नानंतर कोल्हारला आले. माहेरच्या बँकेत बचत खाते आणि दोन मुदत ठेवी जुन्या नावाने आहेत. पुरावा म्हणून लग्नपत्रिका चालेल का?

उत्तर : नाही, ताई. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार जुन्या नावाचे ओळखपत्रही ग्राह्य धरले जाते, पण सोबत शासनाने दिलेला विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र हवे. लग्न गावात झाले असेल तर हा दाखला तिथल्या ग्रामपंचायतीत मिळतो. दाखल्यावरचे माहेरचे नाव बँकेतल्या नावाशी अक्षरशः जुळते का, हे आधी पाहा. घोडे बहुधा तिथेच अडते.

आधी आधार आणि पॅन बदलून घ्या, मग बँकेत जा. आधारवर नाव दोनदाच बदलता येते, म्हणून मधले नाव वडिलांचे की पतीचे, हे आधीच ठरवा.

बँकेत मूळ दाखला दाखवा, प्रत द्या, नव्या सहीचा नमुना द्या. ठेव मोडायची गरज नाही. मात्र दोन्ही ठेवी बचत खात्याच्याच ग्राहक क्रमांकाखाली आहेत का, हे विचारा. लहानपणी वडिलांनी काढलेली ठेव अनेकदा वेगळ्या क्रमांकावर असते. तिच्यासाठी वेगळा अर्ज लागतो. पावत्या नव्या नावाने मागून घ्या.

आडनाव बदलायलाच हवे, असा कायदा मात्र नाही.